दहा दातांच्या पिनियनचे कोडे

टेबलावर जुन्या गिअरबॉक्समधले दोन गिअर ठेवले आहेत. लहान आहे तो पिनियन. त्याला १० दात आहेत आणि त्यातला एक तुटला आहे. मोठ्याला २० दात आहेत आणि तो अजून शाबूत आहे. काम एवढेच, की तुटलेल्यासारखा नवा पिनियन बनवून घ्यायचा.

गिअर बनवणारा पहिला प्रश्न विचारतो, "मॉड्यूल किती?" मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे माप. ते काढण्याची सोपी रीत प्रत्येक वर्कशॉपमध्ये माहीत असते: गिअरचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्याला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागा. पिनियनचा व्यास भरला ३८.३१ मिमी. त्याला १२ ने भागले की ३.१९ येते. मोठ्या गिअरचा व्यास ६५.७९ मिमी, त्याला २२ ने भागले तर २.९९. गिअरबॉक्समधल्या दोन शाफ्टच्या केंद्रांमधले अंतर ४६.१६ मिमी आहे. त्यावरून हिशेब केला तर ३.०८ येते.

एकमेकांत फिरणाऱ्या दोन गिअरचे मॉड्यूल एकच असावे लागते. इथे तीन मापांनी तीन उत्तरे दिली. त्यात भर म्हणजे जुन्या इंची पद्धतीतला ८ डीपीचा दात ३.१७५ मॉड्यूलचा असतो, म्हणजे ३.१९ च्या अगदी शेजारचा. घाईत असलेला माणूस 'हा इंची गिअर आहे' असे म्हणून मोकळा होईल आणि चुकीचा पिनियन कापून आणेल.

खरे तर तिन्ही मापे बरोबर आहेत. हा गिअर मुद्दाम 'सरकवून' कापला आहे. इंजिनिअर याला प्रोफाइल शिफ्ट म्हणतात, आणि कारखान्यात बहुतेक वेळा नुसते 'करेक्शन' म्हटले जाते. ते का करावे लागले याचे उत्तर त्या १० या आकड्यात आहे.

दाताची मान कशी कापली जाते

रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरून उलगडत गेलो तर त्याचे टोक हवेत जी वक्ररेषा काढते, ती इन्व्होल्यूट. आजच्या बहुतेक गिअरच्या दातांची बाजू याच रेषेची असते. इथे रीळ म्हणजे गिअरच्या पोटातले एक अदृश्य वर्तुळ, ज्याला बेस सर्कल म्हणतात. दोरा रिळाच्या आत उलगडत नाही, म्हणून इन्व्होल्यूटही बेस सर्कलच्या आत असू शकत नाही.

दात कापणारे हत्यार म्हणजे हॉब. त्याची कल्पना सरळ दातेरी पट्टी म्हणून करावी. ही पट्टी, म्हणजे रॅक, आणि कोरा गोल तुकडा एकमेकांवर लोळत असल्यासारखे चालतात, आणि पट्टीच्या तिरक्या कडा तुकड्यात इन्व्होल्यूट कोरत जातात. या कडांचा कोन साधारणपणे २० अंश असतो.

आता ३ मॉड्यूल आणि १० दात घेऊ. दोन्ही ज्यावर लोळतात ते पिच सर्कल ३० मिमी व्यासाचे. पट्टीच्या कडेने खरा इन्व्होल्यूट कोरला जातो तो पिच सर्कलपासून आत फक्त १.७५ मिमी खोलीपर्यंत. त्रिज्येला २० अंशाच्या साइनच्या वर्गाने गुणले की हा आकडा मिळतो. पण हत्याराचा सरळ भाग एक मॉड्यूल, म्हणजे ३ मिमी आत जातो. उरलेल्या सव्वा मिलिमीटरच्या प्रवासात तो कोरत काहीच नाही, उलट आधी कोरलेली बाजूच खरडून नेतो. दाताच्या बुडाशी खोबण पडते. याला अंडरकट म्हणतात. दाताची मान नेमकी तिथे बारीक होते जिथे वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो, आणि दात तुटतो तो तिथेच.

दात जास्त असतील तर पिच सर्कल मोठे होते आणि ही खोली पुरेशी मिळते. हिशेबाने २० अंशांसाठी सीमा १७.१ दातांवर येते. प्रत्यक्षात १४ दातांपर्यंत किंचित अंडरकट चालवून घेतात. १० दातांना मात्र ती सूट परवडत नाही.

हत्यार थोडे मागे घ्यायचे

उपाय सोपा आहे. हत्यार जितके जास्त खोल जाते, तितके ते केंद्रापासून बाहेर सरकवायचे. हॉब तोच, मशीन तेच, फक्त कोरा तुकडा मोठ्या व्यासाचा घ्यायचा आणि कापताना अंतर वाढवायचे. हे सरकणे मॉड्यूलच्या पटीत सांगतात, आणि त्या पटीला x म्हणतात. कमीत कमी किती हवा?

```
x = 1 − z/17.1
```

z म्हणजे दातांची संख्या. १० दातांसाठी उत्तर ०.४१५. आपण ०.४२ घेऊ, म्हणजे ३ मॉड्यूलला १.२६ मिमी. आधी मोजलेला सव्वा मिलिमीटर तो हाच.

बेस सर्कल बदलत नाही, म्हणून दात त्याच इन्व्होल्यूटचा राहतो, फक्त त्याच रेषेचा जरा बाहेरचा तुकडा वापरला जातो. दाताचे बूड भरदार होते आणि शेंडा निमुळता. गाडीच्या स्टार्टर मोटरचा पिनियन हातात घेऊन पाहिला तर असेच बुडाशी जाड आणि टोकाला अरुंद दात दिसतात. तिथेही दात साधारण ९ ते ११ असतात.

मग दोन शाफ्टमधले अंतर?

पिनियन जाड झाला, तेव्हा तो जुन्या जागी बसणार नाही. साध्या ३ मॉड्यूलच्या १० आणि २० दातांच्या जोडीचे केंद्रांतर ४५ मिमी. त्यात हा पिनियन घातला तर दात एकमेकांत अडकतील.

इथे एक पळवाट असते. पिनियन जितका बाहेर सरकवला तितकाच मोठा गिअर आत सरकवायचा, म्हणजे बेरीज शून्य आणि केंद्रांतर जसेच्या तसे. पण २० दातांचा गिअर फक्त ०.१७ पट आत जाऊ शकतो. त्यापुढे त्यालाच अंडरकट होतो. दोघांच्या दातांची बेरीज ३४ च्या पुढे असेल तरच ही पळवाट उघडी असते, आणि आपली बेरीज आहे ३०. म्हणून मोठा गिअर साधाच ठेवून केंद्रांतर वाढवणे हा सरळ मार्ग.

किती वाढवायचे? पहिले उत्तर सुचते ते ४५ अधिक १.२६, म्हणजे ४६.२६ मिमी. ते चुकीचे आहे, आणि ही चूक नेहमी होते.

पिनियन सरकवल्याने दात जाड झाला तो २० अंशांच्या कोनाने. पण शाफ्ट दूर नेऊ लागलो की दात एकमेकांवर ज्या कोनात दाब देतात तो कोन वाढत जातो. कोन मोठा झाला की तेवढ्याच अंतराने दातांमधली फट जास्त उघडते. म्हणून पूर्ण १.२६ मिमी जाण्याआधीच दातांची जाडी आणि फट यांचे गणित जुळलेले असते. ही जुळणी दोन ओळींत मांडता येते:

```
inv α' = inv α + 2·tan α·(x1 + x2)/(z1 + z2)
a' = a·cos α / cos α'
```

यातले inv म्हणजे कोनाच्या टॅनमधून तोच कोन रेडियनमध्ये वजा केल्यावर उरते ते. २० अंशांसाठी ते ०.०१४९०. त्यात आपल्या जोडीचे ०.०१०१९ मिळवले की ०.०२५१० होते. हा आकडा कोणत्या कोनाचा, ते तक्त्यात पाहून किंवा कॅल्क्युलेटरवर अंदाजाने जवळ जात शोधावे लागते. उत्तर येते २३.६३ अंश. मग दुसऱ्या ओळीतून केंद्रांतर ४६.१६ मिमी.

४६.२६ आणि ४६.१६ यांत फरक एक दशांश मिलिमीटरचा. तो क्षुल्लक वाटतो, पण ४६.२६ वर भोके पाडली तर दातांमध्ये सुमारे ०.०९ मिमी जादा खेळ राहील. दात कापताना मुद्दाम ठेवलेली सैलता त्याहून वेगळी. दर वेळी दिशा बदलली की तो खेळ खट्ट आवाज करून जाणवतो.

या दशांशाची आणखी एक बाजू आहे. शाफ्ट अपेक्षेपेक्षा जवळ राहिले, म्हणून एका गिअरच्या दाताचे टोक आणि दुसऱ्याच्या खाचेचा तळ यांच्यातली मोकळीक तेवढीच कमी होते. ती राखायची तर दोन्ही गिअरच्या टोकांवरून त्रिज्येत ०.१ मिमी कमी करतात. पिनियन ३८.५२ ऐवजी ३८.३१ होतो, मोठा गिअर ६६ ऐवजी ६५.७९. सुरुवातीला मोजलेले व्यास हेच.

टोक छाटल्याचा फायदाही होतो. छाटण्याआधी पिनियनच्या दाताचा शेंडा ०.८ मिमी रुंद होता, आता तो १ मिमी आहे. नेहमीचा संकेत असा, की साध्या स्टीलला शेंडा मॉड्यूलच्या ०.२ पटीहून बारीक नको, आणि वरचा थर कठीण केलेल्या दाताला ०.४ पट हवा, नाहीतर शेंड्याचे कपचे उडतात. आपला शेंडा एक तृतीयांश पट आहे. म्हणजे साध्या स्टीलला निर्धास्त, केस हार्डनिंग करायचे असेल तर कमी. x वाढवत नेण्याला मर्यादा पडते ती इथे: बूड जाड करत गेलो की शेंडा सुरीसारखा होत जातो.

कोडे कसे सोडवायचे

तर तीन मापांनी तीन मॉड्यूल का दिले ते कळले. पण ज्याच्या हातात फक्त तुटका पिनियन आहे त्याने खरे मॉड्यूल कसे ओळखायचे? बाहेरचा व्यास सरकतो, केंद्रांतर सरकते. जे सरकत नाही त्याचे माप घ्यावे लागते.

दोन चपट्या जबड्यांच्या मायक्रोमीटरने शाबूत मोठ्या गिअरचे आधी दोन दात एकत्र मोजायचे, मग तीन. आपल्या गिअरवर मापे येतील १४.१२ आणि २२.९८ मिमी. त्यांचा फरक ८.८६. गिअर सरकवला असो वा नसो, हा फरक बदलत नाही, कारण तो बेस सर्कलवरच्या दोन दातांमधले अंतर आहे. २० अंशांच्या दाताला तो २.९५२ ने भागला की मॉड्यूल मिळते: बरोबर ३. हाच गिअर ८ डीपीचा असता तर फरक ९.३७ आला असता.

मॉड्यूल कळले की पिनियनचे फक्त दोन दात मोजायचे. साध्या पिनियनवर ते १३.७० मिमी असतात, इथे १४.५७ भरतात. वाढलेले ०.८६ मिमी २, मॉड्यूल आणि २० अंशांचा साइन यांच्या गुणाकाराने भागले की ०.४२ येते. दात झिजले असतील तर हे उत्तर थोडे कमी येईल. मग केंद्रांतरावरून उलटा हिशेब करून ताळा घ्यावा.

नव्या पिनियनच्या कागदावर '१० दात, ३ मॉड्यूल' एवढेच लिहिले तर कारागीर ३६ मिमी व्यासाचा साधा पिनियन कापून देईल. तो गिअरबॉक्समध्ये बसेलही, पण ०.८६ मिमी खेळासह आणि कापलेल्या मानेसह, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दात तुटेल. म्हणून कागदावर आणखी तीन गोष्टी लिहायच्या: x ०.४२, बाहेरचा व्यास ३८.३१, आणि दोन दातांवरचे माप १४.५७.