करावर कर

1967 पर्यंत पश्चिम जर्मनीत माल जितक्यांदा विकला जाई, तितक्यांदा पूर्ण किमतीवर उलाढाल कर लागे. सर्वसाधारण दर फक्त 4 टक्के.

एक बुटांचा जोड घेऊ. कारखानदाराने 100 मार्कांवर 4 मार्क कर लावला. घाऊक व्यापाऱ्याने 104 मध्ये आपले 20 मिळवले आणि 124 वर 4.96 कर भरला. (घाऊक विक्रीला बहुधा सवलतीचा दर असे, हिशेब सोपा राहावा म्हणून ती इथे सोडली आहे.) दुकानदाराने 128.96 मध्ये 30 मिळवून 6.36 कर भरला. गिऱ्हाइकाला जोड पडला 165.32 मार्कांना, त्यात कर 15.32. म्हणजे 4 टक्के नुसते नावाला!

हेच तिघे एका कंपनीत असतील, तर 150 वर एकदाच 6 मार्क. साहजिकच बड्या कंपन्या घाऊक व्यापार आणि दुकानेही स्वतःच चालवू लागत. छोटा व्यापारी बिनकारण महाग ठरे.

1 जानेवारी 1968 ला 10 टक्के मूल्यवर्धित कर आला. आता कारखानदार 10 मार्क भरतो. घाऊक व्यापारी 120 वर 12 वसूल करतो, पण बिलात दिसणारे 10 वजा करून 2 भरतो. दुकानदार 150 वर 15 घेतो, 12 वजा करून 3 भरतो. एकूण 15, किंमत 165.

तिजोरीत जवळपास तेवढेच. मात्र कंपनी एक असो वा तीन, कर 15 च. वजावटीसाठी खरेदीचे बिल लागते, म्हणून व्यापारी ते मागून घेतो. गिऱ्हाइकाला वजावट नाही, त्यामुळे बिनबिलाची विक्री शेवटच्या दुकानातच सोपी जाते.