किती सोडता येते : अंदाजाने अभिसरण सिद्ध करण्याची रीत

क्रमिका म्हणजे ठरावीक नियमाने एकापाठोपाठ येणाऱ्या संख्यांची न संपणारी रांग. ती एखाद्या संख्येकडे अभिसारी आहे असे म्हणण्याचा अर्थ असा की, कोणीही कितीही लहान धन संख्या ε पुढे ठेवली तरी रांगेत N हे असे एक स्थान दाखवता येते की त्यानंतरच्या प्रत्येक पदाचे त्या संख्येपासूनचे अंतर ε पेक्षा कमीच राहते. या संख्येला क्रमिकेची सीमा म्हणतात. ऑगस्टिन-लुई कोशी यांनी १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमधील आपल्या अध्यापनातून तयार केलेल्या ग्रंथात गणिती विश्लेषणाची मांडणी असमतांच्या आधारे केली, आणि पुढे बर्लिनमध्ये कार्ल वायरश्ट्रास यांच्या व्याख्यानांतून या व्याख्येला आजचे काटेकोर रूप आले. व्याख्येत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती अशी की N सर्वांत लहान असावे अशी अट तिने कोठेही घातलेली नाही. ६५२ व्या पदापासून जे खरे आहे ते २०,००२ व्या पदापासून खरे असल्याचे दाखवले तरी सिद्धता तितकीच पूर्ण असते, आणि अचूक आकडेमोड टाळून केवळ अंदाजाने अभिसरण सिद्ध करण्याची सगळी रीत या एका सवलतीवर उभी आहे.

ही सवलत प्रत्यक्ष कामात कशी वापरली जाते हे पाहण्यासाठी, वरवर साधी दिसणारी पण छेदात वजाबाकी असलेली पुढील क्रमिका घेणे सोयीचे ठरते.

a_n = (2n² + 3n) / (n² − 5n + 1)

तिची सुरुवातीची पदे कोणतीच दिशा दाखवत नाहीत. पहिल्या चार पदांत छेद ऋण असतो आणि पाचव्या पदात तो अवघा १ होत असल्याने ते पद एकदम ६५ वर जाते. मात्र n बराच मोठा झाला की अंश आणि छेद या दोहोंत n² ची पदेच वरचढ ठरतात, म्हणून सीमा २ असावी असा तर्क करता येतो. अंदाजाच्या कामाला हात घालण्यापूर्वी हा तर्क हाती असावाच लागतो, कारण अंतर मोजायचे तर ते कशापासून मोजायचे हे आधी ठरले पाहिजे. समान छेद घेऊन वजाबाकी केली असता n ≥ 5 साठी हे अंतर असे मिळते.

a_n − 2 = (13n − 2) / (n² − 5n + 1)

हे अंतर ε पेक्षा कमी केव्हा होते, या प्रश्नाचे अचूक उत्तर वर्गसमीकरण सोडवून काढता येते; ε = 0.01 घेतल्यास ते १३०५ व्या पदापासून कमी होते. परंतु सर्वसाधारण ε साठी तेच उत्तर वर्गमूळ असलेल्या लांबलचक पदावलीत येते, आणि अंशछेदांत तृतीय किंवा चतुर्थ घात आले की हा मार्ग जवळजवळ बंदच होतो. म्हणून अंतर तसेच न ठेवता त्याहून मोठा पण रूपाने सोपा असा अपूर्णांक शोधतात. अपूर्णांक मोठा करण्याच्या वाटा दोनच आहेत, अंश वाढवणे किंवा छेद धन ठेवून घटवणे. अंशाच्या बाबतीत फारसे काही करावे लागत नाही, कारण −2 सोडून दिले की अंश वाढून 13n होतो. छेदातील +1 सोडल्याने छेद घटतो, तेही चालते. अडचण −5n ची आहे. ते सोडून छेद नुसता n² धरला तर छेद वाढतो आणि अपूर्णांक लहान होतो, म्हणजे अंतर 13/n पेक्षा कमी असल्याचा जो दावा हाती येतो तो चुकीचा असतो. ही चूक अत्यंत नेहमीची आहे आणि ती ओळखण्यास एक संख्या घालून पाहणे पुरते: n = 100 असता खरे अंतर 1298/9501, म्हणजे सुमारे ०.१३७ येते, तर 13/n चे मूल्य ०.१३ आहे. ज्याला वरची मर्यादा मानले तेच खऱ्या अंतरापेक्षा लहान निघाले, तेव्हा असमतेची दिशा उलटली आहे हे उघड होते.

−5n सोडता येत नसेल तर त्याची भरपाई करावी लागते, आणि या कामातील खरे कसब येथे आहे. n² मधला एक भाग 5n फेडण्यासाठी बाजूला काढायचा आणि उरलेल्या भागावर छेद चालवायचा. अर्धा भाग बाजूला काढला तर 5n ≤ n²/2 असणे आवश्यक ठरते, आणि ते n ≥ 10 पासून खरे आहे. त्यानंतर छेद n²/2 पेक्षा मोठाच राहतो, म्हणून n ≥ 10 असता

0 < a_n − 2 < 13n / (n²/2) = 26/n

अर्धाच भाग का, याला सोयीपलीकडे कारण नाही. दशांश भाग बाजूला काढला तर 5n ≤ n²/10 ही अट n ≥ 50 पासून पाळली जाते आणि वरची मर्यादा 130/(9n), म्हणजे सुमारे 14.4/n इतकी घट्ट होते; ε = 0.01 साठी मग २,६०० ऐवजी साधारण १,४४५ पर्यंतच जावे लागते. घट्ट मर्यादा हवी असेल तर ती उशिरा लागू होते, सैल मर्यादा लवकर लागू होते, आणि अभिसरणाच्या प्रश्नाला या दोन्ही सारख्याच चालतात. अशा वेळी सैल पण सुटसुटीत मर्यादा निवडणे हाच योग्य निर्णय होय.

हे सारे कच्चे काम झाले. ते शेवटाकडून सुरुवातीकडे चालते, कारण त्यात 26/n < ε हवे, म्हणून n > 26/ε हवे, असे मागे मागे जावे लागते. पक्की सिद्धता लिहिताना क्रम उलटतो: आधी ε घेतला जातो, मग N हे 10 आणि 26/ε यांतील मोठ्या संख्येइतके किंवा त्याहून मोठे निवडले जाते, आणि n > N असणाऱ्या प्रत्येक पदासाठी अंतर 26/n पेक्षा, पर्यायाने ε पेक्षा कमी असल्याचे दाखवले जाते. पाठ्यपुस्तकात फक्त ही पक्की बाजू छापलेली असते आणि त्यामुळे वाचणाऱ्याला 26 हा आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. कच्च्या कामाच्या दोन ओळी शेजारी छापल्या तर हा अडसर दूर होईल. त्या मोठ्या संख्येच्या निवडीतला 10 केवळ औपचारिक नाही. ε = 5 घेतले तर 26/ε हे ५.२ येते; परंतु n = 6 या पदाचे अंतर 76/7, म्हणजे दहाहून अधिक आहे. 10 ची अट विसरली तर सिद्धतेतील विधान या एका पदापाशीच खोटे ठरते.

आतापर्यंत जे सोडले ते निर्धोक होते. किती सोडले म्हणजे अति होते, हे पाहण्यासाठी n चे n वे मूळ, म्हणजे n^(1/n) ही क्रमिका अधिक उपयोगी पडते. तिची सीमा १ आहे. n ≥ 2 असता हे मूळ १ पेक्षा मोठे असते, म्हणून ते 1 + h असे लिहिले जाते, जेथे h हे सीमेपासूनचे अंतर आहे; दोन्ही बाजूंचा n वा घात घेतल्यास n = (1 + h)^n हे समीकरण मिळते. द्विपद प्रमेयाने उजवी बाजू उलगडली की n + 1 पदे येतात आणि h धन असल्यामुळे ती सर्व धन असतात, म्हणजे त्यांतील कोणतीही सोडून दिली तरी उजवी बाजू घटतेच आणि असमतेची दिशा सुरक्षित राहते. सर्वांत स्वाभाविक निवड पहिली दोन पदे ठेवण्याची, म्हणजेच बर्नुलीची असमता वापरण्याची. तिच्यातून n ≥ 1 + nh, आणि त्यावरून h ≤ 1 − 1/n असे निष्पन्न होते. विधान पूर्णपणे खरे आहे, पण त्यातली मर्यादा १ कडे जाते, शून्याकडे नव्हे, त्यामुळे अभिसरणाविषयी ते काहीच सांगत नाही. येथे चूक झालेली नाही. केवळ गरजेपेक्षा जास्त टाकून दिले गेले आहे.

उपाय एक पाऊल पुढे आहे. h² असलेले पद ठेवायचे आणि बाकी सगळी सोडायची:

n ≥ [n(n − 1)/2] · h², म्हणून h ≤ √(2/(n − 1))

ही मर्यादा n वाढत गेल्यावर शून्याकडे जाते आणि सिद्धता पुरी होते. h चे पद कमी पडते आणि h² चे पुरते, याचे कारण मोजता येण्याजोगे आहे: डावीकडे n चा पहिला घात आहे, h च्या गुणकातही n चा पहिलाच घात असल्याने दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात आणि h ला दाबायला काही उरत नाही, तर h² च्या गुणकात n चा दुसरा घात असल्याने n चा एक घात शिल्लक राहतो. अनुभवी गणिती पद निवडताना हा शिल्लक घात आधी पाहतो. अंदाज किती सैल आहे हेही तपासण्यासारखे आहे. n = 100 असता खरे अंतर सुमारे ०.०४७ आहे आणि मर्यादा ०.१४२ सांगते. ε = 0.01 साठी या मर्यादेने २०,००२ वे पद गाठावे लागते, h³ चे पद ठेवले तर २,४५१ वे पुरते, आणि प्रत्यक्षात अंतर ६५२ व्या पदापासूनच ०.०१ च्या खाली गेलेले असते. एखाद्या संगणन पद्धतीत किती पायऱ्या लागतील हे ठरवायचे असते तर तीसपट सैल अंदाज महागात पडला असता; सीमेचे अस्तित्व सिद्ध करताना मात्र तो कोणत्याही अर्थाने उणा नाही.

या रीतीची एक खरी मर्यादा मात्र आहे, आणि ती पुढील क्रमिकेत स्पष्ट दिसते.

b_n = 1/(n + 1) + 1/(n + 2) + … + 1/(2n)

येथे n पदांची बेरीज आहे. प्रत्येक पद फार तर 1/(n + 1) आणि किमान 1/(2n) असल्याने बेरीज नेहमी अर्धा आणि एक यांच्यामध्ये राहते. खालची व वरची मर्यादा एकाच संख्येकडे जात नसल्यामुळे सीमा कोणती हे त्यांच्यावरून ठरत नाही, आणि सीमाच ठाऊक नसल्याने अंतर मोजण्याचा आधीचा मार्गही बंद होतो. तरीही लगतच्या दोन पदांतील फरक 1/(2n + 1) − 1/(2n + 2) इतका, म्हणजे धन आहे. क्रमिका सतत वाढते आणि १ ओलांडत नाही, व अशी प्रत्येक क्रमिका अभिसारी असते हे वास्तव संख्यांच्या पूर्णतेवरून सिद्ध होते. अर्धा आणि एक यांच्यामधील हा ढोबळ अंदाज अस्तित्वाच्या सिद्धतेला पुरेसा ठरतो, पण तेथेच थांबतो. या क्रमिकेची सीमा २ चा नैसर्गिक लॉगॅरिथम, म्हणजे ०.६९३१… आहे, आणि ती काढण्यासाठी या ढोबळ अंदाजापलीकडे, संकलनासारख्या दुसऱ्या साधनाकडे वळावे लागते.