फॉल-पिको झालेली साडी

समजा, लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात एक बाई 4,200 रुपयांची रेशमी साडी परत घेऊन आल्या. रंग घरच्या उजेडात वेगळा दिसतो, पैसे हवेत.

साडीला फॉल-पिको झालेलं असतं. फॉल उसवला तरी रेशमावर सुईची भोकं राहतात, ती साडी नवी म्हणून विकता येत नाही. मुरलेला विक्रेता आधी ‘नियम’ हा शब्द काढत नाही. तो काठ उजेडात धरून भोकं दाखवतो.

“ताई, रोख परत नाही देता येणार. पण ही सेलमध्ये लावतो, तुम्हाला 3,600 ची क्रेडिट नोट देतो. सहा महिन्यांत काहीही घ्या.” 600 रुपये कशाचे, हेही तो सांगतो: सेलमध्ये किंमत तेवढी उतरणार. आकडा आणि मुदत नसलेली ‘बघू काहीतरी’ची भाषा मात्र भांडणच वाढवते.

साडी मुळातच विरलेली निघाली तर गोष्ट वेगळी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तेव्हा बिल जपून ठेवा.