डायोड तापला की व्होल्टेज का उतरते?

मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून साधा सिलिकॉन डायोड तपासा. आकडा ०.६ व्होल्टच्या आसपास येतो. आता गरम सोल्डरिंग आयर्न डायोडच्या पायाला टेकवून धरा. आकडा उतरू लागतो, अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टने. हे दोन मिलिव्होल्ट कुठून येतात ते समजून घ्यायचे असेल, तर सिलिकॉनमधली फर्मी पातळी कुठे असते आणि ती का सरकते, हे पाहावे लागते.

सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांना दोनच पट्ट्यांत राहता येते. खालचा संयुजा पट्टा जवळजवळ भरलेला असतो, तर वरचा संवहन पट्टा जवळजवळ रिकामा. मधल्या १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अंतरात, शुद्ध सिलिकॉनमध्ये, इलेक्ट्रॉनला एकही जागा नाही. फर्मी पातळी म्हणजे अशी ऊर्जा, की तिथे जागा असती तर ती भरलेली असण्याची शक्यता बरोबर निम्मी असती. 'असती' हा शब्द महत्त्वाचा आहे. फर्मी पातळी म्हणजे सर्वांत वरचा इलेक्ट्रॉन, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात आणि तिथेच गाडी अडते. ती हिशेबाची रेषा आहे. शुद्ध सिलिकॉनमध्ये ती रिकाम्या अंतराच्या जवळपास मध्यावर असते.

आता दर पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागे एक फॉस्फरसचा अणू मिसळू. फॉस्फरसकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो आणि तो अणूला अगदी सैल बांधलेला असतो. खोलीच्या तापमानाला असे जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन सुटून संवहन पट्ट्यात जातात. हे झाले एन-प्रकारचे सिलिकॉन. त्या पट्ट्याच्या तळाशी मात्र इलेक्ट्रॉनांच्या मानाने जागा फार आहेत. सुमारे तीन हजार जागांमागे एक इलेक्ट्रॉन, एवढीच भरती होते. २७ अंश सेल्सिअसला ही शक्यता तेव्हाच जुळते, जेव्हा फर्मी पातळी संवहन पट्ट्याच्या ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली, म्हणजेच मध्यापासून सुमारे ०.३६ वर असते. फॉस्फरस दहापट केला तर ती आणखी ०.०६ वर चढते. बोरॉन मिसळून केलेल्या पी-प्रकारात सगळे उलटे होते. तिथे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, वीज वाहतात आणि तेवढ्याच बोरॉनला फर्मी पातळी मध्याच्या सुमारे ०.३६ खाली असते.

मग तापमान वाढवल्यावर काय होते? समजा १२७ अंशांना एन-सिलिकॉनची पातळी जागची हललीच नाही. उष्णतेमुळे वरच्या जागा भरण्याची शक्यता इतकी वाढते, की संवहन पट्ट्यात पूर्वीच्या दहापट इलेक्ट्रॉन असायला हवेत. पण ते आणायचे कुठून? फॉस्फरसने द्यायचे तेवढे आधीच दिले आहेत आणि पदार्थ विद्युतदृष्ट्या उदासीन राहिलाच पाहिजे. म्हणून फर्मी पातळीलाच खाली यावे लागते. १२७ अंशांना ती मध्याच्या ०.२६ वर येते आणि २२७ अंशांना सुमारे ०.१७ वर. पी-प्रकारातली पातळी तशीच खालून वर, मध्याकडे चढते. उलट, खूप थंड केले की एन-प्रकारातली पातळी संवहन पट्ट्याकडे सरकते. शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास फॉस्फरसचे बरेच इलेक्ट्रॉन पुन्हा अणूला चिकटू लागतात आणि वाहकांची संख्या घटते.

पी आणि एन एकत्र जोडले की डायोड होतो. जोडापूर्वी दोन्ही पातळ्यांत जेवढे अंतर, तेवढीच जोडावर विजेची भिंत उभी राहते. आपल्या उदाहरणात २७ अंशांना ती ०.३६ अधिक ०.३६, म्हणजे ०.७२ व्होल्ट. १२७ अंशांना ०.५२. शंभर अंशांत ०.२ व्होल्टची घट, म्हणजे अंशामागे दोन मिलिव्होल्ट! मल्टिमीटर भिंतीची पूर्ण उंची दाखवत नाही, कारण त्याचा लहानसा प्रवाह भिंत अर्धवट उतरली तरी वाहतो. खऱ्या डायोडमध्ये दोन्ही बाजूंची मिसळण सारखीही नसते. तरी उतार साधारण तोच राहतो, आणि अनेक चिपमध्ये तापमान मोजायला हाच उतार वापरतात.

याला मर्यादा आहे. तापमान वाढेल तसे सिलिकॉनचे स्वतःचे इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातून वर उड्या मारतात आणि मागे तेवढेच होल ठेवतात. ४०० अंशांच्या जवळपास त्यांची संख्या आपल्या फॉस्फरसइतकी होते. मग पातळी मध्याजवळ येते, पी-एन हा भेद पुसट होतो आणि भिंत कोसळते. उलट दिशेने गळणारा प्रवाह तर त्याच्या कितीतरी आधीच त्रासदायक होतो, म्हणून सिलिकॉनच्या बहुतेक भागांवर १५० किंवा १७५ अंशांची मर्यादा छापलेली असते. जास्त व्होल्टेज पेलणाऱ्या डायोडमध्ये एका बाजूची मिसळण मुद्दाम शंभरपट विरळ ठेवतात. तिथे हीच बरोबरी २०० अंशांच्या सुमारास होते.