जुना सेल्फ परत आला पाहिजे

ट्रकचा सेल्फ बिघडला की मेकॅनिक तो काढतो, नवा बसवतो, आणि जुना कोपऱ्यात टाकतो. महिन्याभराने भंगारवाला येतो, वजन करतो आणि कोपरा रिकामा होतो. सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. इंजिनाला पहिला हिसका देऊन चालू करायचं, एवढंच तिचं काम. आत तांब्याची वेटोळी असलेलं आर्मेचर, भोवती लोखंडी कवच, पुढे ॲल्युमिनियमची ओतीव टोपी, डोक्यावर सोलेनॉइड. यातलं झिजतं ते फार थोडं: कार्बन, बुश, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकणारं छोटं पिनियन. ओतकाम, कवच आणि बहुतेक वेळा आर्मेचरही चांगलंच असतं. तरी सगळं मिळून भंगारात जातं. तिथे ते फोडून तांबं वेगळं काढतात, बाकीचं भट्टीत वितळवतात. खाण, भट्टी, साचा, लेथ यांवर एकदा खर्च झालेली मेहनत तिथे संपते.

ही मेहनत वाचवण्याच्या पद्धतीला उद्योगात रिमॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. दुरुस्ती वेगळी. दुरुस्तीत बिघडलेला भाग तेवढा बदलतात. रिमॅन्युफॅक्चरिंगमध्ये वस्तू शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडतात, झिजणारे भाग चांगले दिसले तरी बदलतात, बाकीचे मोजून पाहतात, पुन्हा जुळवतात, नव्या मालाच्या कसोटीवर तपासतात आणि हमी देऊन विकतात. फ्रान्समध्ये रेनो कंपनीने पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-रवा इथे 1949पासून गाड्यांच्या भागांवर हे काम सुरू केलं. म्हणजे कल्पना नवी नाही. अवघड आहे ते तिच्याभोवतीची साखळी उभी करणं, आणि ही साखळी कारखान्याच्या आत नसते, बाहेर रस्त्यावर असते.

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत दहा-बारा माणसांचा एक कारखाना आहे असं समजू. तो ट्रक आणि ट्रॅक्टरचे सेल्फ पुन्हा बनवतो आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर, जळगावच्या सुट्या भागांच्या दुकानांना पुरवतो. पुढचे सगळे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं खरं आहे.

जुना सेल्फ आला की आधी अंगावरची पट्टी वाचून मॉडेल ठरवतात. मग तो उघडून धुतात. आर्मेचर ग्राउलर नावाच्या यंत्रावर ठेवून फिरवतात आणि वर हॅकसॉचं पातं धरतात. वेटोळ्यांत आतल्या आत शॉर्ट असेल तर त्या खाचेवर पातं थरथरतं, आणि ते आर्मेचर बाद होतं. कम्युटेटरच्या टोकाशी सोल्डर वितळून उडालेलं दिसलं तर ओळखायचं, की गाडी चालू होत नसतानाही ड्रायव्हरने सेल्फ बराच वेळ मारत ठेवला. आर्मेचरच्या लोखंडावर घासल्याच्या रेघा असतील तर बुश झिजून ते आतल्या पोलला लागत होतं. जे टिकतं त्याचा कम्युटेटर लेथवर हलकासा उतरवतात, पट्ट्यांमधलं अभ्रक खाली कोरतात, पण ठरलेल्या व्यासाच्या खाली उतरला तर तेही आर्मेचर घेत नाहीत. नवे कार्बन, नवे बुश, नवे संपर्क घालून सेल्फ टेस्ट बेंचवर चढतो. बिनभाराचा करंट जास्त आणि फेरे कमी आले, तर आत कुठेतरी अडतंय किंवा आर्मेचर शॉर्ट आहे. करंटही कमी आणि फेरेही कमी, तर जोड सैल आहे किंवा कार्बन नीट टेकत नाहीत. शेवटी भार देऊन ताकद पाहतात. चांगल्या कारखान्यात या आकड्यांची चिठ्ठी सेल्फबरोबर जाते.

इथपर्यंतचं काम कुशल कारागीर आठवड्यात शिकवू शकतो. खरी अडचण पहिल्या वाक्यात लपलेली आहे: ‘जुना सेल्फ आला की’. तो येतो कसा? आणि किती येतात?

समजा कारखान्याने शंभर सेल्फ विकले. त्या बदल्यात दुकानदारांकडून पंच्याऐंशी जुने परत आले. त्यातल्या पंधरांची आर्मेचर जळालेली, टोप्या फुटलेल्या, किंवा आतलं तांबं आधीच काढून घेतलेलं. उरले सत्तर. पुढच्या फेरीत या सत्तरांपासून बनलेले विकले की त्याच हिशेबाने एकोणपन्नास मिळतात, त्यापुढे चौतीस. बाहेरून काहीच आलं नाही तर चौथ्या फेरीला कारखान्याचं काम एक तृतीयांशावर येतं. म्हणून वर्तुळाकार पुरवठा साखळी हे नाव कितीही गोल वाटलं तरी तिला सतत भर लागते: भंगार बाजारातून विकत घेतलेले जुने सेल्फ, किंवा नवीन आर्मेचर. वेळेचाही मेळ बसत नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गळीत हंगामाआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि ट्रक तयार करायची घाई असते. सेल्फची मागणी तेव्हा उसळते. पण त्या बदल्यातले जुने सेल्फ भोसरीला पोचतात ते दिवाळीनंतर. म्हणजे पावसाळ्यातच साठा करून ठेवायला हवा, आणि त्यात पैसा अडकतो.

जुना माल परत यावा यासाठी उपाय आहे तो सोड्याच्या बाटलीचा: अनामत. सेल्फची किंमत सहा हजार, वर पंधराशे अनामत. जुना पूर्ण सेल्फ दिला की पंधराशे परत. ही रक्कम ठरवण्यातच धंद्याची परीक्षा आहे. भंगारवाला त्याच सेल्फचे पाचशे देत असेल, तर अनामत त्याच्याहून ठसठशीत जास्त हवी. नाहीतर मेकॅनिक हातातले रोख पाचशे सोडून दुकानापर्यंत हेलपाटा घालणार नाही. पण अनामत फारच वाढवली तर छोट्या दुकानदाराचा पैसा अडकतो आणि तो दुसऱ्याचा माल ठेवू लागतो. शिवाय कुठल्यातरी भलत्याच मॉडेलचा, आतून पोकळ सेल्फ पुढे करण्याचा मोह वाढतो. म्हणून परत घेताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: मॉडेल तेच आहे का, शाफ्ट हाताने फिरतो का, सोलेनॉइडसकट सगळे भाग आहेत का. आतल्या वेटोळ्याचा निर्णय कारखान्यातच होतो, आणि तो तोटा कारखान्याने आपल्या किमतीत धरायचा असतो. दुकानदाराशी त्यावरून भांडत बसलं की पुढच्या वेळी तो काहीच परत पाठवत नाही.

आता खोक्याकडे वळू, कारण ही गोष्ट खोक्यावर येऊन थांबते. तयार सेल्फ पुठ्ठ्याच्या खोक्यात थर्माकोल लावून जातो. जुने सेल्फ मात्र पोत्यात भरून, एकावर एक आदळत, ट्रान्सपोर्टच्या गाडीत येतात. वाटेत ॲल्युमिनियमच्या टोपीचे कान मोडतात. मेकॅनिककडे धड असलेला भाग भोसरीत बाद होतो. शंभरात पाच टोप्या अशा गेल्या आणि नवी टोपी आठशेची असली, तर प्रत्येक सेल्फमागे चाळीस रुपये पोत्यानेच खाल्ले.

पर्याय म्हणजे झाकणाचा, मजबूत प्लास्टिकचा क्रेट. नवा सेल्फ त्यातून जावा आणि जुना त्यातूनच यावा. एरवी परत येणाऱ्या पॅकिंगची मोठी अडचण असते रिकाम्या खोक्याच्या परतीच्या भाड्याची. इथे क्रेट दोन्ही वेळा भरलेलाच असतो, त्यामुळे ते भाडं वेगळं पडत नाही. क्रेट सहाशे रुपयांचा धरू. पुठ्ठा, थर्माकोल, चिकटपट्टी मिळून पंचेचाळीस वाचतात, क्रेट धुवायला दहा जातात, मोडलेल्या टोप्यांचे चाळीस वाचतात. म्हणजे एका फेरीला पंच्याहत्तरांची बचत. आठ फेऱ्यांत क्रेट फिटतो.

हिशेब सोपा वाटतो, पण इथेच चूक होते. शंभरात पंधरा जुने सेल्फ परत येत नाहीत, म्हणजे पंधरा क्रेटही परत येत नाहीत. दर फेरीला पंधरा टक्के हरवत असतील तर एक क्रेट सरासरी साडेसहा-सात फेऱ्याच करतो. आठ फेऱ्यांची गरज, सातही पुरत नाहीत. तोटा! परतीचं प्रमाण नव्वदवर नेलं तर सरासरी दहा फेऱ्या होतात आणि तोच क्रेट नफ्यात येतो. क्रेट पर्यावरणाला चांगला की वाईट, हा प्रश्नही याच आकड्यावर सुटतो. दोन-चार फेऱ्यांत कुठल्यातरी परसात पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसलेला जाड प्लास्टिकचा क्रेट पुठ्ठ्यापेक्षा वाईटच.

म्हणून माझ्या मते अशा कारखान्याने सगळीकडे क्रेट पाठवू नये. ज्या दुकानांचा जुना माल नियमित परत येतो त्यांना क्रेट द्यावा, आणि त्याची वेगळी अनामत घ्यावी. लांबच्या, कधीतरी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला पुठ्ठाच द्यावा, पण पुन्हा लगदा होण्याजोगा. आपल्याकडे खोक्यांचा क्राफ्ट कागद मोठ्या प्रमाणावर रद्दीपासूनच बनतो. त्याला अडथळा येतो तो तेलाचा, मेणाच्या थराचा आणि प्लास्टिक लॅमिनेशनचा. तेव्हा थर्माकोलऐवजी घडीच्या पुठ्ठ्याचे आधार, प्लास्टिकच्या चिकटपट्टीऐवजी गोंद लावलेली कागदी पट्टी, आणि वंगणाचा डाग पुठ्ठ्याला लागू नये म्हणून सेल्फभोवती एकाच जातीच्या पॉलिथिनची साधी पिशवी. चकचकीत, अनेक थरांची पिशवी नको. तिचे थर सुटे करणं परवडत नाही म्हणून ती सहसा कोणी उचलत नाही. कागदाचे तंतू दर वेळी आखूड होत जातात, त्यामुळे पुठ्ठ्याचं वर्तुळही कायमचं नाही. तिथेही ताजा लगदा घालावाच लागतो.

या धंद्याला मर्यादा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. काही नव्या सेल्फमध्ये चुंबक चिकटवलेले असतात. त्यांना तडा गेला की काम अवघड होतं. काहींचं कवच दाबून बंद केलेलं असतं, ते न मोडता उघडत नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनाला स्टार्टर मोटर लागतच नाही, म्हणजे आज उभा केलेला साठा काही वर्षांनी मागणीअभावी पडून राहू शकतो. पुन्हा बनवलेला सेल्फ हमी संपायच्या आत परत आला, तर दोष दर वेळी त्याचाच असतो असंही नाही. बॅटरी कमजोर असेल, अर्थची वायर सैल असेल, किंवा फ्लायव्हीलचे दाते झिजले असतील, तर नवा सेल्फही तसाच जातो. म्हणून मेकॅनिकने आधी हे तिन्ही तपासावेत, अशी सूचना क्रेटच्या झाकणावरच छापलेली बरी.

आणि एक फसवणूकही आहे. जुन्यावर रंग मारून नवा म्हणून विकणं याला रिमॅन्युफॅक्चरिंग म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाला फरक कळतो तो तीन गोष्टींवरून: माल पुन्हा बनवलेला आहे असं बिलावर लिहिलेलं असतं, टेस्ट बेंचच्या आकड्यांची चिठ्ठी आणि हमी मिळते, आणि विकणारा जुना सेल्फ आग्रहाने मागतो. ज्याला जुना नकोच आहे, त्याने तुम्हाला दिलेला सेल्फ कुठून आणला, हे विचारायला हवं.

तुमच्या ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा सेल्फ पुढच्या वेळी उतरला, तर तो उघडू देऊ नका आणि तांबंही काढू देऊ नका. सोलेनॉइडसकट, आहे तसा दुकानात परत द्या आणि अनामतीची पावती मागून घ्या.