सोफा दारातून आत येईल का?

नव्या सोफ्यासाठी घरात टेप फिरते ती दिवाणखान्याच्या भिंतीवरून. भिंत दहा फुटांची आहे, सोफा सात फुटांचा आहे, म्हणजे बसेल, असा हिशोब होतो आणि पैसे भरले जातात. पण त्या भिंतीपाशी पोहोचण्याआधी सोफ्याला इमारतीचं प्रवेशद्वार, लिफ्ट किंवा जिना, जिन्याची वळणं, घरासमोरचा पॅसेज आणि शेवटी घराचं दार एवढं सगळं पार करायचं असतं. यातली सगळ्यात अरुंद जागा कोणती, यावर त्याचं घरात येणं ठरतं. दिवाणखाना कितीही मोठा असला तरी त्यात काही बदलत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुण्यातली पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची सोसायटी आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर धरू. सोफा तीन जणांचा आहे: लांबी ८४ इंच, खोली ३६ इंच, पाठीची उंची ३४ इंच. हातांची उंची २४ इंच आहे आणि खाली ४ इंचांचे पाय आहेत. बाजारात या मापाचे सोफे सर्रास मिळतात.

सुरुवात दारापासून करायची, कारण फसगत बहुतेक तिथेच होते. ‘आमचं दार सव्वातीन फुटांचं आहे’ असं घरमालक सांगतो, तेव्हा तो चौकटीचं बाहेरून बाहेर माप सांगत असतो. ३९ इंचांच्या या चौकटीचे दोन्ही उभे खांब अडीच-अडीच इंचांचे असले, तर आत ३४ इंच उरतात. दार काटकोनात उघडलं की त्याची फळी बिजागरीच्या बाजूने आणखी जवळपास दीड इंच खाते. म्हणजे मोकळी जागा उरली साडेबत्तीस इंच. दार भिंतीपर्यंत पूर्ण मागे जात नसेल, तर हँडल आणि कडी यांचाही अडथळा होतो. बाहेरून सेफ्टी डोअर बसवलेलं असेल, तर तेही उघडून वेगळं मोजावं लागतं. दार पूर्ण उघडायचं आणि फळीपासून समोरच्या खांबापर्यंत टेप धरायची. माप खाली, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी घ्यायचं, कारण जुन्या चौकटी फुगलेल्या किंवा कललेल्या असतात. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप खरं धरायचं. उंचीही उंबऱ्याच्या वरून मोजायची. सात फुटी दारात ती साधारण ८१ इंच भरते.

आता सोफ्याकडे वळू. त्याची खोली ३६ आणि उंची ३४, म्हणजे साडेबत्तीस इंचांच्या दारातून तो सरळ कोणत्याच बाजूने जाणार नाही. पण सोफा हा खोका नाही. पाठीकडे तो उंच असतो आणि पुढे हातांपाशी उतरलेला असतो. त्यामुळे तिरका केला की कमी जागेतून निघतो. हे तिरपं माप घ्यायची रीत सोपी आहे. पाठीच्या वरच्या कडेपासून हाताच्या पुढच्या वरच्या टोकापर्यंत एक सरळ पट्टी ठेवायची. मग मागच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या पट्टीपर्यंतचं काटकोनातलं, म्हणजे सगळ्यात कमी अंतर मोजायचं. आपल्या सोफ्यात ते पावणेतेहतीस इंच येतं.

दार साडेबत्तीस, सोफा पावणेतेहतीस. इंचाच्या आठव्या भागाला सुतार एक सूत म्हणतात. इथे फक्त दोन सूत कमी पडले आणि तेवढ्यावर सोफा बाहेर राहिला.

यावर उपाय आहे आणि तो सोफ्याच्या तळाशीच असतो. पाय स्क्रूचे असतील तर ते काढले की उंची ३४ वरून ३० इंचांवर येते आणि तिरपं माप २९ इंचांपर्यंत उतरतं. आता साडेबत्तीस इंचांच्या दारात साडेतीन इंच मोकळे राहतात. एवढी मोकळीक लागतेच. उचलणाऱ्याची बोटं मावायला हवीत आणि कापड चौकटीला घासता कामा नये. दोन इंचांपेक्षा कमी जागा उरत असेल, तर मापं कागदावर जुळली तरी ऑर्डर देऊ नये. दाराची फळी बिजागरीतून काढली तर आणखी इंच-दीड इंच मिळतो, पण त्यासाठी सुतार आधी सांगून ठेवलेला असावा. सोफा दारात अडकल्यावर त्याला शोधायला धावणं सगळ्यांनाच जड जातं.

दार सुटलं तरी तिथपर्यंत पोहोचायचं कसं? लिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सहा माणसांच्या साध्या लिफ्टचं दार बहुतेकदा ७० सेंटिमीटरचं, म्हणजे साडेसत्तावीस इंचांचं असतं. आपला सोफा पाय काढूनही २९ इंचांचा आहे. तो तिथे जाणार नाही. लिफ्टच्या आतली जागा पाहून अंदाज बांधणारे इथे फसतात, कारण डब्यापेक्षा दार अरुंद असतं. शिवाय आतला कठडा आणि बटणांची पट्टी दोन-तीन इंच अडवतात.

म्हणजे जिना. भिंतीपासून भिंतीपर्यंत तो साडेतीन फूट असला, तरी कठडा वजा जाता ३९ इंच हातात राहतात. चढताना अडचण येत नाही, ती वळणावर येते. काटकोनी वळणासाठी एक सोपा हिशोब आहे. दोन्ही बाजूंची रुंदी सारखी असेल, तर त्या रुंदीला १.४१ ने गुणायचं. सामानाची निम्मी लांबी अधिक त्याची रुंदी ही बेरीज त्या गुणाकारापेक्षा कमी असेल, तरच ते आडवं वळेल. इथे ३९ गुणिले १.४१ म्हणजे ५५ इंच. सोफ्याची निम्मी लांबी ४२ आणि रुंदी ३०, बेरीज ७२. आडवा धरून तो वळवण्याचा कितीही प्रयत्न केला तरी तो वळणार नाही. जोर लावला तर भिंतीचा रंग आणि सोफ्याचा कोपरा दोन्ही जातील.

एका वळणातून जास्तीत जास्त केवढा सोफा नेता येईल, या प्रश्नाने गणितज्ञांनाही बराच काळ गुंतवून ठेवलं. लिओ मोझर यांनी तो १९६६मध्ये मांडला. १९९२मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी एक आकार सुचवला. बोळाची रुंदी एक एकक धरली, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.२२ भरतं. याहून मोठा आकार शक्य नाही, अशी शंभरहून जास्त पानांची सिद्धता दक्षिण कोरियाच्या बेक जिन-ऑन यांनी २०२४च्या अखेरीस मांडली. हे गणित सपाट जमिनीवरचं आहे. जिन्यात मात्र माणसाला एक सोय असते: सामान उभं करता येतं.

अनुभवी हमाल नेमकं तेच करतात. लँडिंगवर सोफा एका हातावर उभा केला की त्याला जमिनीवर फक्त ३६ बाय ३० इंचांची जागा लागते. ३९ इंचांत ती बसते, फक्त वळवताना कोपरे सांभाळावे लागतात. लागते ती उंची. उभा सोफा ८४ इंचांचा असतो, पण आडव्याचा उभा करताना त्याचा कर्ण मोजावा लागतो. ८४ आणि ३६ यांचा कर्ण साडेएक्याण्णव इंच, म्हणजे साडेसात फुटांहून थोडा जास्त. म्हणून लँडिंगवर टेप छतापर्यंत नेऊन भागत नाही. छताखाली तुळई असेल, तर तुळईच्या खालच्या कडेपर्यंतचंच माप धरायचं. जिन्याच्या पायरीवर पायरीच्या पुढच्या कडेपासून थेट वरच्या स्लॅबपर्यंत उभं माप घ्यायचं. तळमजल्यावरचं प्रवेशद्वार आणि पहिलं लँडिंग इथे डोक्यावरची जागा सगळ्यात कमी असण्याचा संभव असतो, म्हणून वरच्या मजल्याचं माप घेऊन खालचंही तेवढंच असेल असं धरू नये. वीजमीटरची पेटी, शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड, बाहेर उघडणारी जाळी हेही नोंदवून ठेवावं.

घरासमोर पॅसेज चार फुटांचा असेल, तर सात फुटांचा सोफा दारासमोर सरळ आडवा धरता येत नाही. उभा न्यावा तर दार ८१ इंचांचं आणि सोफा ८४ इंचांचा. इथे त्याचा माथा आत झुकवून तिरका शिरवावा लागतो. पाय काढलेला असल्यामुळे दाराच्या रुंदीत ३० इंचांची बाजू येते आणि काम होतं. तेव्हा दाराच्या आत लगेच शोकेस किंवा पार्टिशन नको. माथ्याला पुढे जायला मोकळी जागा लागते.

ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी बांधलेल्या जुन्या घरांत जिने इतके अरुंद आहेत की माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. सामान दोराने वर ओढून खिडकीतून आत घेतात. आपल्याकडे बाल्कनीतून दोर लावून सोफे चढवले जातात, पण आपल्या बाल्कनीचे कठडे आणि ग्रिल त्या वजनासाठी बांधलेले नसतात. सोसायटीची परवानगी, सराईत माणसं आणि खालची जागा रिकामी, या तीन गोष्टी नसतील तर तो मार्ग सोडून द्यावा.

कपाटाची अडचण वेगळी असते. ते घरात येतं आणि खोलीत उभं राहत नाही. ८४ इंच उंच आणि २४ इंच खोल कपाट जमिनीवर आडवं जोडलं, तर उभं करताना त्याचा कर्ण सव्वासत्याऐंशी इंचांहून थोडा जास्त होतो. खोलीत फॉल्स सीलिंग ८७ इंचांवर असेल, तर उभं कपाट तिथे तीन इंच राखून मावतं, पण आडव्याचं उभं करता येत नाही. अशा खोलीत कपाट उभ्यानेच जोडावं लागतं. सगळ्या कपाटांची बांधणी तशी नसते, म्हणून हे दुकानात विचारून घ्यावं.

एल आकाराचा सोफा घ्यायचा असेल, तर कोपरा गुण्यात आहे का ते पाहावं. एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. कमी-जास्त आलं तर सोफ्याची एक बाजू भिंतीला टेकेल आणि दुसरीकडे फट राहील. त्याच जागी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सोफ्याचा आराखडा करावा आणि दोन दिवस त्याच्या कडेने ये-जा करावी. चालायला अडीच फूट उरतात का, गॅलरीचं दार पूर्ण उघडतं का, हे तेवढ्यात कळतं.

ऑनलाइन यादीत मापं सेंटिमीटरमध्ये असतात आणि घरात ती फूट-इंचांत घेतली जातात. दोन्ही एकाच परिमाणात लिहावीत. दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत: पॅकिंगसकट माप किती, पाय निघतात का, सोफा सुट्या भागांत येतो का, आणि दारातून गेला नाही तर परत घेणार का. पुठ्ठा आणि थर्माकोल माप काही इंचांनी वाढवतात, त्यामुळे पॅकिंग खालीच उतरवायचं का हेही ठरवून ठेवावं. आपल्या मापाने बनवून घेतलेलं फर्निचर बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी या चारही प्रश्नांची उत्तरं बिलावर लिहून घ्या.