अठ्ठेचाळीस ग्रॅम

आमच्या इमारतीतल्या एका आजोबांच्या फ्रिजवर तीन कागद चिकटवलेले होते. मधुमेहाच्या कागदावर भात बंद होता आणि ज्वारी-बाजरी, कडधान्यं, कोशिंबिरी भरपूर खायला सांगितल्या होत्या. मूत्रपिंडाच्या कागदाने कडधान्यं, पालेभाज्या आणि बहुतेक फळांवर काट मारली होती. हृदयाच्या कागदात फळं आणि पालेभाज्या वाढवा, तेल-तूप कमी करा असं होतं. एकेकटा वाचला तर प्रत्येक कागद बरोबरच होता. आजोबांनी मात्र तिन्ही एकदम पाळले. दुधीची पातळ भाजी आणि मारी बिस्किटं एवढ्यावर ते आले आणि दोन महिन्यांत त्यांचे खांदे उतरले.

हे तीन कागद एका ताटात कसे बसवतात ते पाहायला मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या आहार विभागात गेले. तिथे आहारशास्त्राच्या पदविकेच्या मुली प्रशिक्षणासाठी येतात. दर आठवड्याला त्यांना एक केस सोडवायला मिळते. केस कागदावरची असते, पण ती रचणाऱ्या मॅडमनी असे रुग्ण वर्षानुवर्षं वॉर्डात पाहिलेले आहेत.

त्या दिवशीची केस अशी होती. वय ५८, पुरुष, शेतकरी, अंडी खातो. मधुमेह १४ वर्षांपासून, रोज दोन वेळा इन्सुलिन. क्रिएटिनिन २.८, म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी साधारण २५ वर आलेली, चौथा टप्पा. हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के. दोन्ही पायांवर सूज. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६४ किलो, सूज येण्यापूर्वी ६०. पोटॅशियम ५.८. हिमोग्लोबिन ८.९. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.४. गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन. खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या: ‘पहाटे घाम सुटतो, असं पत्नी सांगते. मुलाने रक्तदाबासाठी चांगलं म्हणून वेगळं मीठ आणलं आहे.’ प्रश्न एकच होता: एका दिवसाचा आहार लिहा.

मुलींनी आधी प्रथिनं काढली. मधुमेह आहे, गाळणी एवढी उतरली आहे आणि डायलिसिस सुरू झालेलं नाही, अशा माणसाला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं धरतात. बहुतेकींनी ६४ ला गुणून ५१ लिहिले. मॅडमनी फळ्यावर ४८ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. वरचे चार किलो पाण्याचे आहेत, पाण्याला प्रथिनं लागत नाहीत. फरक तीनच ग्रॅमचा दिसतो, पण सवय महत्त्वाची, असं त्यांचं म्हणणं. सूज चढत असताना आतून स्नायू झिजत असतात आणि काट्यावरचा आकडा हलत नाही. सुजेसकटचं वजन धरायची सवय लागली की ती झीज नजरेतून सुटते.

अठ्ठेचाळीस ही मर्यादा आहे, तसंच ते उद्दिष्टही आहे, हे त्या वारंवार सांगत होत्या. ‘४८ च्या वर जाऊ नका’ हे मुलींना पाठ होतं. ४८ पर्यंत पोचायचं असतं, हे लक्षात येत नव्हतं. एकीने लिहिलेल्या ताटात सगळी मिळून प्रथिनं ३१ निघाली आणि उष्मांक ११०० च्या आसपास. साठ किलोच्या या माणसाला निदान १७०० हवेत. तेवढे मिळाले नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, त्यातून तयार होणारा युरिया पुन्हा त्याच मूत्रपिंडांवर येतो, आणि प्रथिनं कमी करण्याचा हेतूच उलटतो. आमच्या आजोबांचे खांदे कुठे गेले ते मला तिथे कळलं.

तेवढ्यात लातूरकडची एक मुलगी वही मिटून म्हणाली, “मॅडम, साखरेचं काढलं, पोटॅशियमचं काढलं, मिठाचं काढलं. मग हा माणूस जेवणार काय?”

त्या दिवसाचं मी बाकी बरंच विसरेन, हा प्रश्न विसरणार नाही. मॅडमनी तिला दटावलं नाही. त्या म्हणाल्या, “हेच पहिल्यांदा लिही. काय काढायचं ते नंतर.”

मग फळ्यावर ताट मांडायला सुरुवात झाली. सकाळी मूठ-दीड मूठ पोह्यांचे पोहे, शेंगदाणे न घालता. दुपारी एक ज्वारीची भाकरी, भात, अर्धी वाटी मुगाचं वरण, पडवळ किंवा कोबीची भाजी. रात्री दोन फुलके, पुन्हा थोडा भात, दोन अंड्यांच्या पांढऱ्याची भुर्जी, दोडका. दिवसभराचं दूध-दही मिळून एक पेला. सफरचंदाच्या दोन-तीन फोडी. तेल सहा चमचे. दुपारच्या चहाबरोबर थोडा साबुदाणा, उकडून, वरून जिऱ्याची फोडणी. सगळ्याची बेरीज ४८ च्या जवळ आणि उष्मांक १७०० च्या थोडे वर.

भात आणि साबुदाणा पाहून वर्गात चुळबुळ झाली. मधुमेह्याला साबुदाणा? मॅडमचं उत्तर सरळ होतं. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, प्रथिनं नाहीत आणि पोटॅशियमही नगण्य. एरवी याच कारणासाठी तो आपण मधुमेह्याच्या ताटातून काढतो, आणि आज याच कारणासाठी ठेवतो आहोत, कारण उष्मांक भरायचे आहेत आणि ४८ ओलांडायचे नाहीत. वाढणारी साखर मोजता येते आणि मोजून-मापून घेतलेल्या साबुदाण्याशी इन्सुलिन जुळवता येतं. भाताचंही तसंच. ज्वारीत पोटॅशियम तांदळाच्या सुमारे तिप्पट आहे. पोटॅशियम ५.८ असताना एक भाकरी ठेवायची आणि बाकी पोट भाताने भरायचं. मधुमेहाच्या कागदावर सगळ्यात वर फुली असलेला भात इथे ताटाच्या मध्यभागी आला.

५.८ या आकड्यावर तास रेंगाळला. मुलींनी फळं जवळपास शून्य केली होती. मॅडमनी विचारलं, “५.८ कशामुळे झालं ते कुणी शोधलं का?” एवढं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून आहारतज्ज्ञाने आधी डॉक्टरांना कळवायचं. रक्त काढताना पेशी फुटल्या असतील तर आकडा खोटा वाढतो, तेव्हा तपासणी पुन्हा करायची. या माणसाच्या दोन्ही गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात, त्या कमी करायच्या का ते डॉक्टर ठरवतील. आणि मग ती खालची ओळ, मुलाने आणलेलं मीठ.

ते मीठ कमी सोडियमचं होतं. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मॅडमनी गणित करून दाखवलं. समजा, पाकिटात ते १५ टक्के आहे. रोज चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ गेलं, तर त्यातून जवळपास ३९० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं, साधारण एका मध्यम केळ्याइतकं. केळं त्याला सगळ्यांनीच बंद केलं होतं, आणि तेवढंच पोटॅशियम वरणातून, भाजीतून रोज पोटात जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना त्यातून वगळलं. घरात रक्तदाबाचा माणूस आहे म्हणून मुलगा काळजीने ते आणतो. त्याला ही दुसरी बाजू सांगायला कुणी नसतं. त्याच काळजीने शहाळं येतं, आणि एका शहाळ्यात ५०० मिलिग्रॅमच्या पुढे पोटॅशियम असू शकतं. भाज्यांचं सूपही तसंच: भाजी उकळली की पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणून बटाटा खायचाच असेल तर पातळ चकत्या करून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आपण नेमकं ते पाणीच पाजतो.

मिठाबद्दल लातूरच्या मुलीने सांगितलेली गोष्ट मॅडमना आवडली. तिच्या घरी भाकरीत मीठ घालत नाहीत. भाताचंही तसं करता येतं. मग साधं मीठ सकाळी एका छोट्या वाटीत चमचाभर काढून ठेवायचं, दिवसभराच्या भाजी-वरणाला तेवढंच. लोणचं आणि पापड खाल्ले तर ही वाटी निरर्थक ठरते, आणि पापडात तर मिठाबरोबर पापडखाराचं सोडियमही येतं. आमच्या आजोबांच्या मारी बिस्किटातही मीठ आणि सोडा दोन्ही होते.

राहिला पहाटेचा घाम. ६.४ पाहून बहुतेकींनी ‘साखर उत्तम नियंत्रणात’ असं लिहिलं होतं. पण हिमोग्लोबिन ८.९ असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णात हा आकडा फसवतो. तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि सरासरी खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. उलट बाजूने, मूत्रपिंडं थकली की इन्सुलिनचा निचरा मंदावतो आणि तोच डोस जास्त वेळ काम करत राहतो. त्यात माणूस पथ्याच्या भीतीने रात्री अर्धपोटी झोपला तर पहाटे साखर खाली जाते. घाम त्याचा असू शकतो. पहाटे बोटाला टोचून पाहायचं, आणि ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. संत्र्याचा रस नाही, कारण ५.८. पाणीही बेताचंच, कारण त्याला दिवसाला दीड लिटरची मर्यादा आहे. चहा, ताक, पातळ वरण, सगळं त्या दीड लिटरमध्येच.

शेवटचा उपप्रश्न पाठपुराव्याचा होता. मीठ बदललं, गोळी कमी झाली, तीन आठवड्यांनी पोटॅशियम ४.७ आणि वजन ५८. बहुतेकींनी ‘सूज उतरली, आहार चालू ठेवावा’ असं लिहिलं. सूज उतरली तर वजन ६० वर थांबायला हवं होतं, खालचे दोन किलो कुठले? मॅडमनी उत्तर दिलं नाही, काय काय विचारायचं ते लिहायला लावलं. पानात काय उरतं, जिना चढताना पाय भरून येतात का, हाताची पकड पूर्वीइतकी आहे का. पोटॅशियम ४.७ वर आलं आहे, तर एक भाकरी आणि एक भाजी परत देता येईल का. माझ्या मते केसचा खरा भाग हाच होता. काढलेला पदार्थ परत द्यायची तारीख आमच्या आजोबांच्या एकाही कागदावर नव्हती.

मुली उठायला लागल्या तेव्हा मॅडमनी फळ्यावरच्या ४८ शेजारी बाण काढून ६० ते ७२ लिहिलं. हाच माणूस उद्या डायलिसिसवर गेला तर प्रत्येक वेळी प्रथिनं वाहून जातात, आणि गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम होते. वर्षभर ज्याला अंड्यातला पिवळा भाग आणि वाटीभर वरण नाकारलं, त्याला आता ते जास्त खा म्हणून सांगायचं, आणि तो ऐकत नाही, कारण आधीचा कागद अजून घरात असतो. पुढच्या आठवड्यासाठी मुलींना तेच ताट या नव्या आकड्यावर बसवून आणायचं होतं. लातूरची मुलगी दारात थांबून विचारत होती, की आधीचा कागद त्याच्याकडून परत मागून घेता येईल का.